तीन दिवस उशीर, अर्धी वाढ

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. आवाज रडवेला होता. म्हणाली, "मामा, आमची इन्क्रिमेंट लेटर्स आली. टीममध्ये सगळ्यांना नऊ टक्के आणि मला पावणेचार. रेटिंग तर चांगलं दिलंय. मग माझं काय चुकलं?"

मी बावीस वर्षं पगाराच्या खात्यात काढली आहेत. त्यामुळे पहिला प्रश्न तोंडातून आपोआप गेला, "तू जॉइन कधी झालीस?"

"ऑक्टोबरमध्ये. तीन तारखेला."

आणि कट-ऑफ तीस सप्टेंबरची असणार, हे तिने सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं. मग तिने जे सांगितलं त्याने मात्र मलाही वाईट वाटलं. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने तिला सोमवार, ३० सप्टेंबरला हजर व्हायला सांगितलं होतं. पण तेव्हा पितृपक्ष चालू होता. २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या, ३ तारखेला घटस्थापना. आई म्हणाली, नवी नोकरी आहे, पक्ष पंधरवड्यात नको, घट बसले की जा. भाचीने एच.आर.ला मेल केला, त्यांनी लगेच "हो" म्हटलं, आणि ती गुरुवारी, ३ ऑक्टोबरला रुजू झाली. तिच्याच बरोबर मुलाखत दिलेला, त्याच पदावर, तेवढ्याच पगारावर घेतलेला एक मुलगा सोमवारी रुजू झाला होता. त्याला नऊ टक्के मिळाले.

आईने सांगितलं त्यात गैर काही नव्हतं. आपल्याकडे हजारो घरांत असंच ठरतं. चूक एवढीच झाली, की तारीख पुढे ढकलताना या तीन दिवसांची किंमत किती हे भाचीला कुणी सांगितलं नाही. एच.आर.लाही ते सांगावंसं वाटलं नाही. ही किंमत मोजता येते. ती कशी मोजायची आणि कंपनी असा नियम का करते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून हा लेख.

सुरुवात तारखांपासून करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. पगारवाढीच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या तारखा असतात आणि बोलताना लोक त्या तिन्हींना "इन्क्रिमेंटची तारीख" म्हणतात. एक, वाढ लागू होण्याची तारीख. आपल्याकडच्या बहुतेक खासगी कंपन्यांत ती १ एप्रिल असते, कारण हिशेबाचं वर्ष तिथे सुरू होतं. काही ठिकाणी १ जुलै किंवा १ जानेवारीही असते. दुसरी, पत्र हातात पडण्याची तारीख. ती मे, जून, कधी कधी जुलैसुद्धा. मधल्या महिन्यांचा फरक मग थकबाकी म्हणून एकदम जमा होतो. आणि तिसरी ही कट-ऑफची. या तारखेपर्यंत जो हजेरीपटावर आला, तो या फेरीत पूर्ण वाढीला पात्र. नंतर आलेल्याला एकतर जेवढे महिने काम केलं तेवढ्याच प्रमाणात वाढ, ज्याला ऑफिसात प्रो-राटा म्हणतात, किंवा काहीच नाही, थेट पुढच्या वर्षी.

पुष्कळ कंपन्यांत अशा दोन रेषा असतात. भाचीच्या कंपनीचं धोरण तसंच होतं. ३० सप्टेंबरपर्यंत आलेल्यांना पूर्ण वाढ. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात आलेल्यांना महिन्यांच्या प्रमाणात. १ जानेवारीनंतर आलेल्यांचं नाव या फेरीत नाहीच. तारखा कंपनीगणिक बदलतात, पण घडण साधारण अशीच. सप्टेंबरअखेरच का, यालाही कारण आहे. बहुतेक ठिकाणी प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं. ३० सप्टेंबरला आलेला माणूस मार्चअखेर सहा महिने पुरे करतो, कायम होतो आणि साहेबाने त्याचं अर्धं वर्षभराचं काम पाहिलेलं असतं. तीन महिन्यांत माणूस संगणकाचे पासवर्ड आणि कँटीनचा रस्ता शिकतो. त्याला रेटिंग द्यायचं तर कशावर द्यायचं?

पण खरं कारण पैशाच्या पिशवीत आहे. ते समजून घेतलं, की साहेब "माझ्या हातात नाही गं" म्हणतो तेव्हा तो बहुधा खरं बोलत असतो, हे कळतं.

जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीचं वित्त खातं वाढीसाठी एक रक्कम ठरवतं. ती पात्र लोकांच्या एकूण पगाराच्या टक्क्यांत असते. समजा एका टीममध्ये दहा जण आहेत, प्रत्येकाला महिना ८०,००० रुपये आणि ठरलेली वाढ सरासरी नऊ टक्के. म्हणजे दहा जणांचा पगार ८,००,००० आणि वाढीची पिशवी महिना ७२,००० रुपयांची. आता यातली एक जण सहाच महिने कामावर आहे. वित्त खातं तिच्या नावाने ७,२०० टाकत नाही, निम्मे म्हणजे ३,६०० टाकतं. पिशवी झाली ६८,४०० रुपयांची. साहेबाला ही पिशवी दहा जणांत वाटायची आहे. तिला पूर्ण ७,२०० द्यायचे तर वरचे ३,६०० उरलेल्या नऊ जणांच्या पानातून काढावे लागतील. त्या नऊ जणांनी बारा महिने काम केलेलं असतं. कुठलाही शहाणा साहेब ते करणार नाही.

दुसरं एक कारण एच.आर.चे लोक नेहमी सांगतात आणि त्यात तथ्य आहे. नवा माणूस घेताना त्याचा पगार त्या महिन्याच्या बाजारभावाने ठरतो. ऑक्टोबरमध्ये ठरलेला ८०,००० हा ऑक्टोबरचाच भाव असतो. जुन्या माणसाचा पगार मात्र मागच्या एप्रिलमध्ये ठरलेला असतो, तो वर्षभरात शिळा होतो. एप्रिलमध्ये दोघांना सारखीच वाढ दिली तर नव्याला सहा महिन्यांत एका वर्षाची वाढ मिळाली असं होईल.

इथे भाची मला फोनवरच अडवून म्हणाली, "मग त्या मुलाला का मिळाली? तोही सहाच महिन्यांचा आहे!"

अगदी बरोबर प्रश्न. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच मुख्य गोष्ट आहे. सहा महिन्यांच्या कामाची निम्मी वाढ हा हिशेब न्यायाचाच आहे. भाचीने सहा महिने काम केलं, तिला वर्षाच्या नऊ टक्क्यांपैकी साडेचार देणं होतं. तिचं कुणी काही कापून घेतलं नाही. त्या मुलाला मात्र सहा महिन्यांच्या कामावर बारा महिन्यांची वाढ मिळाली, कारण तो रेषेच्या अलीकडे उभा होता. अन्याय झाला तो रेषेवर. रेषेच्या एका बाजूला कंपनी महिने मोजतच नाही आणि दुसऱ्या बाजूला एकदम मोजायला लागते. मोजायचं तर सगळ्यांचे महिने मोजावेत, १ एप्रिलनंतर आलेल्या प्रत्येकाचे. तशा कंपन्याही आहेत. तिथे जूनमध्ये आलेल्याला बारापैकी दहा महिन्यांची, ऑगस्टमध्ये आलेल्याला आठ महिन्यांची वाढ मिळते आणि रेषेचा प्रश्नच उरत नाही. पण बऱ्याच कंपन्यांना ते किचकट वाटतं.

आता या रेषेची किंमत रुपयांत पाहू. त्या मुलाचा पगार नऊ टक्क्यांनी ८०,००० वरून ८७,२०० झाला. भाचीला साडेचार टक्के धरले तर ८३,६००. फरक महिना ३,६०० रुपये, वर्षाचे ४३,२००. हे तीन दिवसांचे. शिवाय ही गोष्ट एका वर्षात संपत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दोघांनाही पूर्ण नऊ टक्के मिळाले असं धरा. त्याचे ९५,०४८ होतात, तिचे ९१,१२४. फरक ३,६०० वरून ३,९२४ वर गेला, कारण टक्के आता वेगवेगळ्या पायावर लागले. त्या वर्षाचे ४७,०८८ रुपये. पाया एकदा खाली राहिला की पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या पायावर बसते. प्रमोशन, नवी नोकरी किंवा साहेबाने मुद्दाम केलेली दुरुस्ती, यांपैकी काही होईपर्यंत तो फरक भरून येत नाही. हे सगळे आकडे कर आणि प्रॉव्हिडंट फंड कापण्याआधीचे आहेत, हातात पडणारा फरक याहून कमी असतो.

आता दुसऱ्या रेषेपलीकडच्या माणसाकडे पाहू. माझ्या दृष्टीने खरी झळ त्यालाच बसते आणि तोच सर्वांत कमी बोलतो. समजा त्याच कंपनीत एक जण सोमवारी, ६ जानेवारी २०२५ ला त्याच ८०,०००वर आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याला काही नाही. त्याची पहिली वाढ एप्रिल २०२६ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा महिन्यांनी. तेव्हा नऊ टक्के मिळाले तर ८७,२००. याला तीन महिन्यांची प्रमाणात वाढ दिली असती तर एप्रिल २०२५ मध्येच सव्वादोन टक्के, म्हणजे १,८०० रुपये मिळून ८१,८०० झाले असते आणि पुढच्या एप्रिलला ८९,१६२. म्हणजे पहिल्या वर्षी २१,६०० रुपये गेले आणि त्यापुढे दर महिन्याला १,९६२ रुपये मागे. त्याने कामाचे तीन महिने दिले आणि त्यांची वाढ कुठल्याच वर्षाच्या खात्यात जमा झाली नाही.

काही कंपन्या हे ओळखतात. अशा माणसाला पुढच्या एप्रिलमध्ये बाराऐवजी पंधरा महिन्यांची वाढ देतात, नऊऐवजी सव्वाअकरा टक्के. त्याचे ८९,००० होतात आणि पाया जवळपास बरोबरीला येतो. मधल्या बारा महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच, पण पुढचं नुकसान थांबतं. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये नोकरीला लागलेल्या माणसाने एच.आर.ला एकच प्रश्न विचारावा: "माझी पहिली वाढ बारा महिन्यांची असेल की पंधरा?" प्रमाणात मिळालेली वाढ पाहून लोक चिडतात, पण चिडायला हवं ते हे महिने हवेत विरतात तेव्हा.

या रेषेचा त्रास फक्त खासगी नोकरीत आहे असं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तो मोठ्या प्रमाणावर झाला आणि पुढे दुरुस्तही झाला. तो इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

पूर्वी केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची वेतनवाढ त्याच्या स्वतःच्या तारखेने होई. जो ज्या महिन्यात लागला, त्या महिन्यात दर वर्षी वाढ. न्याय चोख होता, पण कारकुनांना बारा महिने तेच काम. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या नव्या वेतनरचनेत, सगळ्यांसाठी एकच तारीख ठरली, १ जुलै. अट एवढीच, की त्या दिवशी सहा महिने पुरे झालेले असावेत. आता बघा. १ जानेवारी २०१० हा शुक्रवार होता. त्या दिवशी रुजू झालेल्याचे १ जुलैला सहा महिने भरले, त्याला वाढ मिळाली. त्याच्याच बरोबरीचा जो सोमवारी, ४ तारखेला आला, त्याचे सहा महिने तीन दिवसांनी अपुरे पडले. त्याची वाढ गेली थेट १ जुलै २०११ वर. एकाला सहा महिन्यांत, दुसऱ्याला अठरा महिन्यांनी. सरकारी वाढ तीन टक्क्यांची असते, ती पूर्ण मिळते किंवा मिळत नाही. तिथे प्रमाणात वाटणी नाही. त्यामुळे रेषा चुकली की काहीच हाती लागत नाही.

सातव्या वेतन आयोगाच्या वेळी, २०१६ च्या नियमांत, यावर उपाय निघाला. एकाऐवजी दोन तारखा केल्या, १ जानेवारी आणि १ जुलै. २ जानेवारी ते १ जुलै या काळात लागलेल्याला पुढच्या १ जानेवारीला वाढ, आणि २ जुलै ते १ जानेवारी या काळात लागलेल्याला पुढच्या १ जुलैला. ४ जानेवारीला आलेल्याला आता वर्ष भरायच्या थोडं आधीच वाढ मिळते. पहिल्या वाढीची वाट कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त बारा. अठरा महिन्यांची वाट संपली. रेषा पूर्ण पुसली गेली नाही, पण तिच्यामुळे होणारं नुकसान निम्म्यावर आलं. खासगी कंपन्यांनी वर्षात दोन फेऱ्या केल्या, एप्रिल आणि ऑक्टोबर, तर हाच फायदा होतो आणि काही कंपन्या तसं करतातही.

त्याच सरकारी रेषेचं दुसरं टोक निवृत्तीकडे होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं असा नियम. जो ३० जूनला निवृत्त झाला, त्याने वर्षभर काम केलं आणि वाढीच्या दिवशी, १ जुलैला, तो नोकरीत नव्हता. वर्षानुवर्षं हे लोक कोर्टात गेले. अखेर ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात निकाल दिला, की वाढ ही झालेल्या वर्षाच्या सेवेची कमाई आहे, १ जुलै ही फक्त ती देण्याची तारीख आहे. पुढे केंद्राने ३० जून आणि ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्यांना पेन्शनच्या हिशेबापुरती ही काल्पनिक वाढ मान्य केली. हा निकाल खासगी कंपन्यांना बांधत नाही. खासगी नोकरीत दर वर्षी पगार वाढवलाच पाहिजे असा कायदाच आपल्याकडे नाही. तिथे नेमणुकीचं पत्र आणि कंपनीचं धोरण, किंवा युनियन असेल तर तिच्याशी झालेला करार, एवढाच आधार. पण निकालातलं तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. वाढ झालेल्या कामाची असते. ते मान्य केलं, की सहा महिन्यांच्या कामाला निम्मी वाढ बरोबर ठरते आणि तीन महिन्यांच्या कामाला शून्य वाढ चूक.

आता भाचीच्या पत्राकडे परत येतो, कारण त्यात एक गोष्ट जुळत नव्हती.

सहा महिन्यांचे साडेचार टक्के व्हायला हवे होते. तिच्या पत्रात ३.७५ होते. ८०,००० चे ८३,००० केले होते. मी तिला म्हटलं, नऊला बाराने भाग आणि ३.७५ ला त्या उत्तराने भाग. नऊ भागिले बारा म्हणजे पाऊण टक्का महिन्याला. पावणेचार भागिले पाऊण म्हणजे पाच. कंपनीने तिचे पाचच महिने मोजले होते, नोव्हेंबर ते मार्च. ऑक्टोबर सोडून दिला होता, कारण ती १ तारखेला हजर नव्हती.

"धोरणाचा कागद आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर होता. तिने तो उघडून मला वाचून दाखवला. चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रुजू झालेल्याचा तो महिना पूर्ण धरावा. तीन तारीख पंधराच्या आत येते. म्हणजे ऑक्टोबर धरायलाच हवा होता.

हे काही विरळा नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी अशा चुका पाहिल्या आहेत आणि माझ्या खात्याकडूनही झालेल्या आहेत. महिने मोजण्याची चूक सर्वांत जास्त होते. दुसरी म्हणजे दुहेरी कपात. एच.आर. आपल्या तक्त्यात नऊचे साडेचार करून पाठवतं, पगार खात्यातला माणूस रुजू होण्याची तारीख पाहून पुन्हा निम्मे करतो आणि सव्वादोन टक्के पत्रावर जातात. एका वर्षी आमच्याकडे अशी दहा-बारा पत्रं निघाली होती. दोघांनीच तक्रार केली, म्हणून बाकीची सापडली. तिसरी चूक पायाची. सीटीसीमध्ये ठरलेला भाग आणि कामावर अवलंबून असलेला भाग वेगळे असतात. वाढ कशावर मोजली हे पत्रात नेहमी दिसत नाही. तेव्हा पत्र आलं की जुना पगार, नवा पगार आणि टक्के, हे तीन आकडे कागदावर मांडून आपले महिने काढा. उत्तर पूर्णांकात आलं नाही तर काहीतरी वेगळं मोजलं आहे हे नक्की समजा.

भाचीला मी सांगितलं, दोन वेगळे मेल लिही. एकात फक्त ऑक्टोबरचं. कलमाचा क्रमांक, रुजू झाल्याची तारीख आणि सहा महिन्यांचा हिशेब, तीन ओळींत. रागाचा एकही शब्द नको. ही कंपनीची स्वतःच्या नियमाविरुद्धची चूक आहे, ती दुरुस्त करायला कुणाच्या मंजुरीची गरज नसते. दुसरं म्हणजे त्या मुलाशी असलेल्या फरकाचं. ते साहेबाशी समोरासमोर बोल, मेलवर नको. मेलवर एच.आर. धोरणाचा कागद जोडून पाठवतं आणि विषय संपतो. साहेबाला सांग, की एकाच पदावर आम्ही दोघं आहोत, काम सारखं आहे, माझा पाया तीन दिवसांमुळे खाली राहिला आहे, पुढच्या फेरीत टक्के ठरवताना हे लक्षात ठेवा. साहेबाच्या पिशवीत पुढच्या एप्रिलला नऊ टक्क्यांच्या आसपास फिरायला जागा असते. कुणाला आठ, कुणाला अकरा. ती जागा कुठे वापरायची हे तो तेव्हा ठरवतो, आणि तेव्हा त्याला आठवायला हवं.

आणखी एक इशारा अशा वेळी देणं भाग आहे. रागाच्या भरात पत्र येण्याआधी राजीनामा देऊ नका. बहुतेक धोरणांत एक कलम असतं, की पत्र निघण्याच्या दिवशी जो नोटीस पिरियडमध्ये आहे त्याला वाढ नाही. एप्रिलपासून लागू असलेली वाढसुद्धा मग जाते आणि थकबाकीही.

खरा प्रश्न मात्र रुजू होण्याआधीचा आहे. ऑफर लेटर हातात आलं आणि सही व्हायची आहे, त्या चार-पाच दिवसांत माणसाच्या शब्दाला जेवढं वजन असतं, तेवढं नंतर वर्षभर नसतं. तेव्हा विचारा: वाढ कुठल्या तारखेला लागू होते, माझ्यासाठी कट-ऑफ कोणती, आणि माझी पहिली वाढ पूर्ण असेल, प्रमाणात असेल की पुढच्या वर्षी? उत्तर मेलवर घ्या. फोनवरच्या "होऊन जाईल"वर विसंबू नका. जो माणूस ते म्हणतो तो सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

तुमची तारीख रेषेपासून दोन-चार दिवसांवर असेल तर आधी तारीख हलवता येते का ते पाहा. जुन्या कंपनीला नोटीस पिरियडचे शेवटचे तीन दिवस माफ करायला सांगणं पुष्कळदा सोपं असतं. राहिलेल्या सुट्ट्या त्यात वळत्या होतात. रिलीव्हिंग लेटर दोन दिवस उशिरा आलं तरी नवी कंपनी अनेकदा राजीनामा मंजूर झाल्याच्या मेलवर रुजू करून घेते. सुट्ट्याही बघा. २०२३ मध्ये १ ऑक्टोबरला रविवार होता आणि २ तारखेला गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून त्या आठवड्यातले कित्येक नवे लोक ३ तारखेला हजर झाले. ज्यांच्या धोरणात रेषा ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेवर होती, त्यांच्यासाठी आदल्या शुक्रवारी, २९ सप्टेंबरला जाणं हाच उपाय होता. पितृपक्षाचा प्रश्न असेल आणि घरातल्या मोठ्यांचा शब्द मोडायचा नसेल, तर तोही मान ठेवा. पण हिशेब माहीत करून ठेवा.

आणि तारीख हलत नसेल तर पैसे मागा. आकडा आपल्या हातात आहेच. भाचीच्या बाबतीत पहिल्या वर्षाचं नुकसान ४३,२०० रुपये. तेवढा जॉइनिंग बोनस मागता आला असता. एच.आर.ला कट-ऑफला अपवाद करायला वरून मंजुरी लागते, कारण एकाला केला की दहा जण येतात. एकरकमी बोनस मात्र त्यांच्या अखत्यारीत पुष्कळदा असतो. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत द्यावा लागतो, ही अट वाचून घ्या. बोनसपेक्षा मूळ पगारात तीन-साडेतीन हजार वाढवून मिळाले तर ते केव्हाही चांगलं, कारण ते पायात जातात आणि दर एप्रिलला वाढतात.

भाचीचा ऑक्टोबरचा मेल एच.आर.ने पाच दिवसांत मान्य केला. जुलैच्या पगारात नवा आकडा ८३,६०० आला आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे, महिना ६०० प्रमाणे, १,८०० रुपये थकबाकी जमा झाली. त्या मुलाच्या आणि तिच्या पगारातले ३,६०० रुपये तसेच राहिले. या वर्षी तिच्या धाकट्या भावाला नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तिने त्याच्याकडून पहिला मेल लिहून घेतला तो कट-ऑफची तारीख विचारणारा.